रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचायचे कसे? माझ्या हिशोबाने ४६७ ओहम लागतोय, दुकानदार म्हणतो ४७० घ्या. आणि ५ टक्केवाला घेऊ की १ टक्केवाला?

दुकानदार बरोबर सांगतोय. ४७० घ्या, पाच टक्केवाला, पाव वॅटचा.

नऊ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, १५ मिलिअँप, असंच गणित असणार तुमचं. नऊमधून एलईडीचे दोन गेले, राहिले सात, भागिले ०.०१५, उत्तर ४६६.६७. हे मला पाठ आहे कारण डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला हाच प्रश्न आला होता आणि मी ४७० लावला म्हणून एक्स्टर्नल सरांनी माझे मार्क कापले होते. म्हणाले, स्वतःच्या हिशोबावर विश्वास नाही का तुझा, ४६७ काढतोस आणि ४७० लावतोस? शेजारच्या टेबलवरच्या मुलाने ३९०, ६८ आणि ८.२ असे तीन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून ४६६.२ करून दाखवले, त्याला पैकीच्या पैकी मिळाले आणि वर सगळ्या बॅचला बोलावून ते ब्रेडबोर्ड दाखवण्यात आलं.

आता त्या तीन रेझिस्टरांचंच बघू. ३९० च्या शेवटी सोनेरी पट्टा होता, म्हणजे पाच टक्के टॉलरन्स, म्हणजे तो प्रत्यक्षात ३७०.५ पासून ४०९.५ पर्यंत कितीही असू शकतो आणि तरी कंपनीच्या दृष्टीने तो माल चांगलाच. एकटा ३९० दोन्ही बाजूंना साडेएकोणीस ओहम हलतोय आणि त्याच्यामागे तुम्ही ८.२ जोडून नेमकेपणा आणताय? त्या ८.२ ला तिथे काही अर्थच नाही. उलट माझा एकटा ४७० घ्या, पाच टक्क्यांनी ४४६.५ ते ४९३.५ होतो, करंट येतो साधारण १५.७ ते १४.२ मिलिअँप, डोळ्याला फरक कळणार नाही. शिवाय ज्या दोन व्होल्टवर हा सगळा हिशोब उभा आहे ते दोन व्होल्टही पक्के नाहीत, लाल एलईडी १.८ पण घेतो, २.२ पण घेतो. आणि बॅटरी उतरत सातवर आली की त्याच ४७० मधून जेमतेम साडेदहा मिलिअँप जातात. जिथे बाकीचे आकडेच हलतायत तिथे ४६७ मधल्या त्या सातला कवटाळून काय मिळणार?

बाजारात ४६७ मिळत नाही याला कारण आहे. नेहमीच्या दुकानात जी मालिका असते ती अशी: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२, आणि पुढे यांनाच शून्यं लावत जायचं. प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा अंदाजे वीस टक्क्यांनी मोठा. मूळ कल्पना दहा टक्केवाल्या मालाची आहे, ३९ दहा टक्क्यांनी वर गेला तर ४२.९, ४७ दहा टक्क्यांनी खाली आला तर ४२.३, म्हणजे मधे जागाच उरत नाही, मग आणखी आकडा बनवायचा कशाला. ह्याला ई-१२ म्हणतात. पाच टक्क्यांसाठी २४ आकड्यांची ई-२४ मालिका असते, पण बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जाऊन कुठल्याही काउंटरवर मागा, हे बारा हमखास मिळतील, बाकीच्यांसाठी थांबावं लागेल. हिशोब आला की यातला जवळचा घ्यायचा, एलईडीसाठी शंका असेल तर वरचा.

पट्ट्यांचं सांगतो. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. चार पट्टे असतील तर पहिले दोन आकडे, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं, चौथा टॉलरन्स. तुमचा ४७० म्हणजे पिवळा, जांभळा, तपकिरी, सोनेरी: चार, सात, एक शून्य, पाच टक्के. तिसऱ्या जागी सोनेरी आला तर दहाने भागायचं, तो ८.२ असाच होता, राखाडी, लाल, सोनेरी, सोनेरी. चार पट्ट्यांत सोनेरी किंवा चंदेरी पट्टा टोकाला असतो, तो उजव्या हाताला धरला की उलटं वाचायची भीती नाही.

खरी गडबड निळ्या अंगाच्या, पाच पट्ट्यांच्या, एक टक्केवाल्यांत आहे. तिथे पहिले तीन आकडे, चौथा शून्यं, पाचवा टॉलरन्स, आणि एक टक्क्याचा पट्टा तपकिरी असतो, म्हणजे दोन्ही टोकांना आकडाच वाटतो. टॉलरन्सचा पट्टा बाकीच्यांपासून जरा दूर किंवा जाड असायला हवा पण स्वस्त किटमध्ये सगळे सारख्या अंतरावर मारलेले असतात. भाचीला आणलेल्या किटमध्ये हेच झालं. २२० म्हणजे लाल, लाल, काळा, काळा, तपकिरी. तोच उलटा धरला तर तपकिरी, काळा, काळा, लाल, लाल, म्हणजे १०० पुढे दोन शून्यं, दहा हजार ओहम, दोन टक्के! आणि त्याच पाकिटात खरा दहा हजारवालाही होता: तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. फरक फक्त एका पट्ट्याचा, तोही लाल की तपकिरी, निळ्या रंगावर, ट्यूबलाइटखाली. ती म्हणाली, मामा एलईडी खराब आलाय, अंधारातच दिसतो. एलईडी चांगला होता, पाच व्होल्टवर २२० च्या जागी दहा हजारवाला बसला होता, करंट ०.३ मिलिअँप. एलईडी मिणमिणता पेटला की आधी हेच तपासा. अशा वेळी रंगांशी झटापट करू नका, मीटर लावा, रेझिस्टर बोर्डातून काढून, नाहीतर सर्किटमधल्या दुसऱ्या वाटाही त्यात मोजल्या जातात. कधी उलटं वाचलेलं आपोआप कळतं, पाच पट्ट्यांचा ४७० उलटा वाचला तर एक अब्ज ओहम येतो, असला कुणी किटमध्ये टाकत नाही.

एक टक्केवाला कधी घ्यायचा ते राहिलंच. जिथे रेझिस्टरच मोजमाप करतो तिथे. १२ व्होल्टची बॅटरी पाच व्होल्टच्या बोर्डाला वाचायला द्यायची म्हणून २२ हजार आणि १० हजार सिरीजमध्ये लावले आणि १० हजारवरचे व्होल्ट बोर्डाला दिले तर तिथे ३.७५ व्होल्ट यायला हवेत. दोघे पाच टक्केवाले असले आणि विरुद्ध बाजूंना गेले तर कधी ३.५ येतात, कधी ४. म्हणजे १२ ची बॅटरी ११.२ दिसते किंवा १२.८, उतरलेली की भरलेली तेच कळणार नाही. एक टक्केवाल्यांत हीच चूक जास्तीत जास्त पावणेदोन दशांश व्होल्टपर्यंत राहते. तिथे चार पैसे जास्त द्या, एलईडीला देऊ नका.

आणि तुमच्या प्रॅक्टिकललाही कुणी तीन रेझिस्टर जोडायला लावलेच, तर त्यातला ३९० वाला काढून त्यांच्यासमोर मीटरवर मोजा, मग ८.२ कशासाठी जोडला ते त्यांनाच विचारा.