एचआरएची रक्कम आणि एचआरएची सूट : दीड लाखाच्या करातला घोळ

प्रश्न : मी पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरीला आहे. २०२५-२६ चा पगार १७,४०,००० रुपये. त्यात बेसिक ७,२०,०००, एचआरए ३,६०,००० आणि बाकी स्पेशल अलाउन्स. घरभाडं महिना २४,०००. नाशिकचा फ्लॅट माझ्या आणि भावाच्या नावावर आहे, तिथे आई-वडील राहतात. माझ्या हिशेबाने सूट अशी : एचआरए ३,६०,०००, गृहकर्जाचं व्याज २,००,०००, ८०सी १,५०,०००, मेडिक्लेम ७५,०००. पण मी वेळेत काही कळवलं नाही म्हणून कंपनीने नव्या करप्रणालीने १,३८,३२० रुपये टीडीएस कापला. जुन्या प्रणालीत मला चाळीस हजारांच्या वर परत मिळायला हवेत. ऑफिसातले सगळे म्हणतात, गृहकर्ज असेल तर जुनीच. आता बदल करता येईल का?

उत्तर : बदल करता येईल, पण तो करू नका. तुमचीच कागदपत्रं पाहता जुन्या प्रणालीत परतावा निघत नाही, उलट सुमारे १९,००० रुपये खिशातून भरावे लागतील.

आधी अधिकाराचं बोलू. कंपनीने कोणत्या प्रणालीने कर कापला, यावर तुमची निवड ठरत नाही. आयकर कायद्याच्या कलम ११५बीएसीनुसार नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती विवरणपत्र भरताना निवडायची असते. कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला जे कळवतात ते फक्त टीडीएसपुरतं. प्रत्यक्ष कर मंडळाच्या ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकातही हे स्पष्ट लिहिलेलं आहे. अट एवढीच की जुनी प्रणाली निवडणारं विवरणपत्र मुदतीत, म्हणजे तुमच्यासारख्या पगारदाराने ३१ जुलैपर्यंत भरलं पाहिजे. १ ऑगस्टला भरलंत तर ते उशिराचं ठरतं आणि नव्या प्रणालीशिवाय पर्याय राहत नाही. निव्वळ पगारदाराला ही निवड दरवर्षी नव्याने करता येते, वेगळा फॉर्म लागत नाही. मात्र शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स करत असाल तर थांबा. ते धंद्याचं उत्पन्न धरलं जातं, मग फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही.

आता तुमची बेरीज. ती ७,८५,००० होते, आणि ती खरी असती तर जुन्या प्रणालीत कर ९६,७२० आला असता. म्हणजे तुमची आकडेमोड चुकलेली नाही. चुकलेत ते आत घातलेले आकडे.

सगळ्यात मोठी चूक एचआरएची. पगारपत्रकात एचआरए म्हणून जी रक्कम येते ती आणि करमाफ एचआरए या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन आकडे काढायचे आणि त्यातला सगळ्यात लहान तो करमाफ. पहिला आकडा प्रत्यक्ष मिळालेला एचआरए, ३,६०,०००. दुसरा बेसिकच्या ४० टक्के, २,८८,०००. (२०२५-२६ साठी ५० टक्क्यांची मर्यादा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना आहे, पुणे त्यात नाही. तुमच्या बाबतीत तसंही काही बिघडत नाही.) तिसरा आकडा भरलेल्या भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा जाता उरतो तो. तुमचं वर्षाचं भाडं २,८८,००० आणि बेसिकचे दहा टक्के ७२,०००, म्हणून उरले २,१६,०००. हाच सगळ्यात लहान, म्हणून सूट एवढीच. उरलेले १,४४,००० रुपये करपात्र पगारात जातात. पुढे कंपनीने बेसिक वाढवला आणि भाडं तेच राहिलं, तर ही सूट वाढणार नाही, उलट कमी होईल. बेसिक वाढल्याच्या आनंदात हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दुसरी चूक व्याजाची. नाशिकच्या घरात तुम्ही राहत नाही म्हणून काही अडत नाही. पुण्यातला एचआरए आणि नाशिकच्या घराचं व्याज, दोन्ही एकाच वेळी मागता येतात, यात बेकायदा काही नाही. प्रश्न हिश्शाचा आहे. तुम्ही पाठवलेल्या बँकेच्या दाखल्यात वर्षाचं व्याज २,९६,००० दिसतं, कर्जात तुम्ही दोघं सहकर्जदार आहात, आणि हप्ता निम्मा-निम्मा भरता असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. मग तुमच्या वाट्याला १,४८,००० येतात. दोन लाख ही कमाल मर्यादा आहे, ती प्रत्येक सहमालकाला स्वतंत्र मिळते. मर्यादा दोन लाख आहे म्हणून दोन लाख मागायचे, असं नसतं. आणि तुमच्या भावाने त्याच्या वाट्याचे १,४८,००० त्याच्या विवरणपत्रात मागितले असतील तर एकाच दाखल्यावर दोघांची बेरीज व्याजापेक्षा जास्त होईल.

८०सीचं गणित बरोबर आहे. तुमचा पीएफ ८६,४००, मुद्दलाचा निम्मा हिस्सा ५२,००० आणि एलआयसीचे २४,००० मिळून १,६२,४०० होतात. सूट १,५०,००० वर थांबते.

मेडिक्लेमचं मात्र नाही. तुम्ही २५,००० अधिक ५०,००० अशी दोन्ही कमाल मर्यादांची बेरीज केली आहे. पण तुमच्या कुटुंबाचा विमा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे आणि त्याचा हप्ता कंपनी भरते. तुमच्या खिशातून पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे त्यावर सूटही नाही. आई-वडिलांच्या पॉलिसीचे ४४,००० तुम्ही स्वतः बँकेतून भरले आहेत, ते दोघं साठीच्या पुढचे आहेत, म्हणून ते पूर्ण चालतात.

तर खरी सूट ७,८५,००० नाही, ५,५८,००० आहे. जुन्या प्रणालीत त्याशिवाय ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि २,५०० व्यवसाय कर वजा होतो. करपात्र उत्पन्न येतं ११,२९,५००. त्यावर कर १,५१,३५० आणि ४ टक्के सेस धरून १,५७,४०४.

नव्या प्रणालीत यातलं काहीच मिळत नाही, फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट. उत्पन्न १६,६५,०००. पण टप्पे सैल आहेत : चार लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या प्रत्येक चार लाखांवर ५, १०, १५ असा दर चढत जातो, आणि सोळा लाखांच्या वरच्या तुमच्या ६५,००० वर २० टक्के. कर १,३३,०००, सेससह १,३८,३२०. कंपनीने नेमका एवढाच कापलाय. फरक १९,०८४ रुपये, नव्या प्रणालीच्या बाजूने.

ऑफिसातले लोक खोटं बोलत नाहीत, फक्त एक वर्ष मागे आहेत. हाच पगार आणि हीच सूट २०२४-२५ ला लावली तर नव्या प्रणालीत कर १,९७,०८० होत होता आणि जुन्या प्रणालीत तेव्हाही १,५७,४०४. म्हणजे तेव्हा जुनी जवळपास चाळीस हजारांनी स्वस्त होती. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीचे टप्पे बदलले आणि जुनी होती तशीच ठेवली. त्यात पारडं फिरलं.

तुमच्या पगाराला दोन्ही प्रणाली समान कुठे होतात तेही काढून ठेवलंय. प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर सोडून ६,१९,००० च्या आसपास सूट असेल तर दोन्हीकडे कर सारखाच येतो. त्याच्या वर गेलात तरच जुनी. तुम्ही ६१,००० ने कमी पडता. समजा तुम्ही म्हणालात की सगळा हप्ता मीच भरला, भावाने एक रुपया दिला नाही, आणि बँकेच्या उताऱ्यावर तसं दिसलंही, तरी व्याज २,००,००० ला अडकतं. ५२,००० वाढतात आणि नवी प्रणाली तरीही सुमारे २,९०० रुपयांनी स्वस्तच राहते. तेव्हा भावाशी त्यावरून वाद घालू नका.

पूर्ण ३,६०,००० एचआरए टाकून बघू, कोण तपासतंय, हा विचार मनात आला असेल तर एवढंच सांगतो : मागच्या वर्षापासून विवरणपत्रात एचआरएसाठी बेसिक, मिळालेला एचआरए, भरलेलं भाडं आणि कामाचं शहर वेगवेगळं विचारतात. कर्ज कोणाकडून घेतलं आणि खातं क्रमांक काय, पॉलिसी नंबर काय, हेही लागतं. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असल्याने कंपनी घरमालकाचा पॅनही मागते. चुकीची माहिती देऊन कर लपवल्याचं सिद्ध झालं तर कलम २७०ए खाली दंड त्या कराच्या दुप्पट असतो, आणि कर व व्याज वेगळं.

गेल्या वर्षाचं आता यापलीकडे काही करता येत नाही. एनपीएसमध्ये स्वतःचे ५०,००० भरून जुनी प्रणाली साधता येईल का, असं पुढच्या वर्षासाठी विचाराल, तर त्यानेही तुमचा ६१,००० चा खड्डा भरत नाही. ते पैसे मनात येईल तेव्हा काढता येत नाहीत हे वेगळंच. पगाराच्या रचनेत एक बदल मात्र नव्या प्रणालीतही उपयोगी पडतो. कंपनीने तुमच्या एनपीएसमध्ये भरलेला वाटा बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत करातून वजा होतो. तुमच्या बेसिकवर तो १,००,८०० होतो. एचआरला सांगून स्पेशल अलाउन्समधून तेवढी रक्कम तिकडे वळवली तर वर्षाचा कर १,१९,२०० च्या घरात येतो, म्हणजे १९,००० ची बचत. खासगी कंपनीसाठी जुन्या प्रणालीत ही मर्यादा १० टक्केच आहे, आणि ती धरूनही नवीच पुढे राहते. दरमहा हातात येणारी रक्कम मात्र आठेक हजारांनी घटेल (कर वाचतो तो त्यात थोडा परत येतो), आणि ते पैसे निवृत्तीसाठी अडकतात. भाडं आणि निम्मा हप्ता भागवून ते झेपतं का ते घरी बसून ठरवा. झेपत असेल तर एचआरला आत्ताच अर्ज द्या. बऱ्याच कंपन्या ही रचना वर्षातून एकदाच बदलू देतात, आणि जेवढे महिने उशीर तेवढ्या महिन्यांची वजावट हातची जाते.

चालू विवरणपत्रात नव्या प्रणालीतून बाहेर पडायचं का असा प्रश्न येईल, तिथे 'No' निवडा. बचत खात्याचं आणि ठेवींचं व्याज असेल तर ते वार्षिक माहिती पत्रकाशी ताडून मगच सादर करा. वर दिलेले आकडे फक्त पगाराचे आहेत.