'सेकंड हाफ पडला' यातला हाफ नेमका कुणाचा?

प्रश्न: 'फर्स्ट हाफ रेंगाळतो', 'सेकंड हाफ पडला' असं परीक्षणांत सर्रास वाचतो. सिनेमाचे हे दोन 'हाफ' आले कुठून? इंटरव्हल म्हणजे फक्त चहा-पाण्याची सुट्टी ना? आणि लिहिताना 'मध्यंतर' बरोबर की 'मध्यांतर'?

उत्तर: शेवटचं आधी. मराठीत रूढ रूप 'मध्यंतर'. 'मध्यंतरी' हा आपला रोजचा शब्दही त्याच घरातला. संधीच्या नियमाने 'मध्यांतर' होतं आणि हिंदी सिनेमाच्या पाटीवर तेच दिसतं, म्हणून ते मराठीतही शिरलंय. मी 'मध्यंतर' लिहीन.

आता 'हाफ'. रीळ बदलायला वेळ लागायचा म्हणून इंटरव्हल आला, हे अर्धंच खरं. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट सरकते, म्हणजे हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांत संपतं. अडीच तासांच्या सिनेमाला अशी १४-१५ रिळं लागतात. जत्रेतल्या तंबूत एकच प्रोजेक्टर असेल तर दर वेळी थांबावंच लागे. पण पक्क्या थिएटरात दोन प्रोजेक्टर असत. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमके आणि ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करी. तिथे सिनेमा न थांबता दाखवता येत होता, तरी थांबवत होते. एक कारण म्हणजे नाटकाची सवय: आपल्या प्रेक्षकाला अंक संपला की उठायची सवय आधीपासून होती. दुसरं कारण कॅन्टीन. तिकिटाच्या पैशात वितरकाचा वाटा असतो, वडा-समोशात नसतो. रिळं गेली, डिजिटल आलं, तरी मध्यंतर टिकलं ते मुख्यतः या दुसऱ्या कारणाने. हे आपल्याकडेच आहे असंही नाही. इटलीत सिनेमाच्या दोन भागांना 'प्रिमो तेंपो' आणि 'सेकोंदो तेंपो' म्हणतात.

पण थांबायचंच आहे म्हटल्यावर लेखकाने त्या थांब्याचा उपयोग करून घेतला, आणि तिथून 'हाफ' हा पटकथेचा शब्द झाला. हिंदी, तमिळ, तेलुगूत कथा मांडताना 'इंटरव्हल पॉइंट' बरेचदा शेवटाच्याही आधी ठरतो. त्याच्याकडे चढत जाणाऱ्या प्रसंगांना तेलुगू-तमिळवाले 'इंटरव्हल ब्लॉक' म्हणतात. उत्तम उदाहरण 'बाहुबली २' (२०१७). मध्यंतराआधी भल्लालदेवाचा राज्याभिषेक होतो. 'राजा कोण?' याचं उत्तर मिळतं. मग बाहुबली सेनापती म्हणून शपथ घेतो आणि जनतेचा जयघोष राजापेक्षा त्याच्यासाठी मोठा होतो. एक प्रश्न मिटला आणि त्याच प्रसंगातून दुसरा उभा राहिला: हे दोघे आता एका राज्यात नांदणार कसे? चांगल्या मध्यंतराची ही खूण. प्रेक्षक बाहेर जाताना 'आता काय होणार' हे बोलत जातो, 'हे काय झालं' असं विचारत नाही.

'सेकंड हाफ पडतो' तो बहुधा इथेच चुकल्यामुळे. टाळ्यांच्या हव्यासापायी मध्यंतराला धक्का दिला जातो: साधासुधा नायक अचानक दहा जणांना लोळवतो. पाटी येते. परत आल्यावर तो पूर्वी कोण होता हे सांगायला वीस-पंचवीस मिनिटांचा फ्लॅशबॅक लागतो. भूतकाळातून वर्तमानात येईपर्यंत आधी कमावलेला वेग गेलेला असतो, आणि शेवटची मारामारी तर प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. वेगळ्या शब्दांत, धक्क्याला पुढे कृती हवी. नुसता खुलासा लागत असेल तर उत्तरार्ध ओढावा लागतो. मध्यंतरानंतर लगेच गाणं किंवा विनोदी प्रसंग दिसला तर मात्र तो दोष धरू नका. लोक अजून पॉपकॉर्न घेऊन जागा शोधत असतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन मिनिटांत महत्त्वाची माहिती न देणं हा शहाणपणाच.

मध्यंतर धरून न लिहिलेल्या सिनेमाला आपल्याकडे ते बाहेरून लावलं जातं. इंग्रजी सिनेमा थिएटरात पाहताना संवादाच्या मध्येच पडदा काळा झाला, संगीत अधांतरी तुटलं आणि पाटीची धाटणी सिनेमाशी जुळत नसली, की समजावं हा काप दिग्दर्शकाचा नाही. मारधाडीच्या सिनेमाचं यात फारसं बिघडत नाही. हळूहळू गळा आवळत जाणाऱ्या रहस्यपटाचं मात्र बरंच बिघडतं, कारण साठलेला ताण दिवे लागताच निघून जातो आणि पुन्हा साठवायची सोय पटकथेत नसते. 'धोबी घाट' (२०११) रहस्यपट नव्हता, पण तोही आपल्याकडे मध्यंतराशिवाय लावला गेला.

तेव्हा अशा परदेशी सिनेमाबद्दल 'सेकंड हाफ पडला' लिहिणं मला चुकीचं वाटतं. तिथे 'उत्तरार्ध' म्हणावं. 'हाफ' हा शब्द मध्यंतर धरून रचलेल्या सिनेमापुरता ठेवावा.