दोन कार्डं आणि एक पर्सनल लोन, आधी काय फेडू?

प्रश्न: एका कार्डावर ८०,००० (महिना ३.५%), दुसऱ्यावर ४०,००० (महिना ३%), शिवाय पर्सनल लोन दीड लाख बाकी, १६% ने, ईएमआय ५,२७४, अजून ३६ हप्ते. सध्या कार्डांचं फक्त मिनिमम भरतोय. महिन्याला सगळं मिळून १७,३०० काढू शकतो. कुठलं आधी संपवू आणि मिनिममपेक्षा व्याज किती वाचेल?

उत्तर:

लोनचा ईएमआय चालू राहू द्या, त्याला एक रुपया जास्त देऊ नका. उरलेल्या १२,००० मधून ४० हजारवाल्या कार्डाचं फक्त मिनिमम भरा आणि बाकी सगळं ८० हजारवाल्यावर ओता. अशाने दोन्ही कार्डं १३ महिन्यांत संपतात. आता हिशोब सांगतो, कारण मी स्वतः हे उलटं केलं होतं, लोनचा आकडा मोठा दिसतो म्हणून बोनस तिकडे भरला आणि कार्ड तसंच फुगत राहिलं.

आधी एक गोष्ट, जी बरेच जण विसरतात. कार्डाच्या व्याजावर १८% जीएसटी लागतो, तेव्हा ३.५% म्हणजे खरं ४.१३% आणि ३% म्हणजे ३.५४%, तेही महिन्याला. लोनचे १६% वर्षाचे, म्हणजे महिन्याला जेमतेम १.३३%, आणि त्या व्याजावर जीएसटी नाही. त्यामुळे एकच हजार रुपये पहिल्या कार्डावर टाकले तर महिन्याला ४१ रुपये वाचतात, लोनवर टाकले तर १३. इथेच निकाल लागला खरं तर.

आता मिनिमम काय करतं ते बघा. मी धरलंय की आधी व्याज लागतं, मग एकूण बाकीच्या ५% तुम्ही भरता, नवीन खरेदी नाही, लेट फी नाही. (तुमच्या बँकेचा मिनिममचा फॉर्म्युला थोडा वेगळा असू शकतो, स्टेटमेंटच्या मागे लिहिलेला असतो.) पहिल्या कार्डावर बाकी होते ८३,३०४, त्याचं मिनिमम ४,१६५, त्यातले ३,३०४ व्याज-जीएसटीत गेले, मुद्दल कमी झालं ८६१. वर्षभर असंच केलं तर ४७,१२७ रुपये भरून मुद्दल कमी होतं ९,७४४ ने. माझ्या बायकोने हा आकडा बघून विचारलं होतं, "म्हणजे आपण वर्षभर कोणाला पोसतोय?"

खरी मेख अशी की बाकी कमी झाली की मिनिममही कमी होतं, म्हणून ते संपता संपत नाही. मिनिमम २०० च्या खाली जात नाही असं धरलं तरी पहिलं कार्ड मिटायला जवळपास २७ वर्षं लागतात! आणि तेच ४,१६५ तुम्ही दर महिन्याला न बदलता भरत राहिलात, म्हणजे एक पैसाही जास्त नाही, फक्त रक्कम खाली घसरू दिली नाही, तर ३९ महिन्यांत मिटतं. विश्वास नसेल तर शीटमध्ये हे टाका:

```
=NPER(4.13%,-4165,80000)
```

उत्तर ३८.९५ येईल.

आता तुमचे १२,०००. पहिल्या महिन्यात दुसऱ्या कार्डाचं मिनिमम २,०७१ आणि पहिल्याला ९,९२९. दुसऱ्याचं मिनिमम दर महिन्याला थोडं थोडं कमी होत जातं, तो फरक पहिल्याला द्यायचा, एकूण १२,००० तेवढेच ठेवायचे. दहाव्या महिन्यात पहिल्यावर ८,५५६ उरतात, ते भरले की शून्य, आणि त्याच महिन्यातले उरलेले ३,४४४ लगेच दुसऱ्यावर. मग अकरावा आणि बारावा महिना पूर्ण १२,००० दुसऱ्यावर, तेराव्यात शेवटचे १०,५१२. एकूण भरले १,५४,५१२, म्हणजे व्याज-जीएसटी मिळून ३४,५१२.

वाचले किती? इथे लोक मोठा आकडा सांगून मोकळे होतात. दोन्ही कार्डं मिनिममवर शेवटपर्यंत ओढली तर व्याज साधारण पावणेचार लाख होतं, त्यातून साडेचौतीस हजार वजा केले की "साडेतीन लाखांच्या आसपास वाचले". गणित बरोबर आहे पण ते २७ वर्षांवर पसरलेलं आहे आणि तितकी वर्षं कोणी फक्त मिनिममच भरत बसेल असं नाही, त्यामुळे मला तो आकडा फक्त दाखवण्यापुरताच वाटतो. मी त्याच १३ महिन्यांची तुलना करतो. मिनिमम भरलं असतं तर १३ महिन्यांत साधारण ७५,२०० रुपये जाऊन व्याज झालं असतं ५७,००० च्या जवळ, आणि डोक्यावर अजून १,०१,८०० उरले असते. तुमच्या प्लॅनने व्याज ३४,५००, उरले शून्य. म्हणजे या काळात व्याज वाचलं साधारण २२,५००, आणि पुढचं वाढतं व्याज थांबलं ते वेगळं.

कोणी म्हणेल छोटं कार्ड आधी संपवा, एक तरी मिटल्याचं समाधान. तेही करून बघितलं, ४० हजारवालं सहाव्या महिन्यात संपतं, पण पूर्ण कर्ज १४ व्या महिन्यात मिटतं (शेवटी जेमतेम ७०२ रुपयांसाठी) आणि व्याज ३६,७०२. फरक फक्त २,१९० चा, कारण दोन्ही कार्डांचे दर जवळजवळ आहेत. तुमचा हात मध्येच सुटण्यासारखा असेल तर खुशाल छोटं आधी घ्या, एवढ्याशा पैशासाठी भांडायला नको. लोनला जास्त भरायची चूक मात्र करू नका.

हा हिशोब कुठे मोडतो तेही सांगतो. बाकी पुढे ओढत असताना त्या कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. तेव्हा ते कार्ड पाकिटातून काढून ठेवा, आणि सगळ्यात आधी त्याच्यावरचे ओटीटी-विम्याचे ऑटो-पेमेंट दुसरीकडे हलवा, माझा हिशोब तिथेच दोन महिने चुकत होता. व्याज रोजच्या बाकीवर मोजतात, म्हणून पगार झाला की भरा, ड्यू डेटची वाट बघू नका. आणि पूर्ण भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटला दोन-चारशे व्याज दिसेल, घाबरू नका, ते स्टेटमेंटच्या तारखेपासून तुम्ही भरल्याच्या तारखेपर्यंतचं असतं. तेही भरा, नाहीतर त्यावर लेट फी लागते.

कार्डं मिटली की लोनवर साधारण १,०३,९०० उरलेले असतील. तेव्हा ते १२,००० लोनकडे वळवले तर २३ हप्त्यांऐवजी सातेक महिन्यांत संपेल आणि साधारण १२ हजार व्याज वाचेल, पण फिक्स्ड रेटच्या लोनला पार्ट पेमेंट चार्ज असू शकतो. समजा ४% असेल तर जीएसटी धरून ४.७२%, तो यातून वजा करा, आणि काही ठिकाणी वर्षातून किती वेळा भरता येतं यालाही मर्यादा असते. सँक्शन लेटर काढून ती ओळ आत्ताच शोधून ठेवा.