काळ्या मातीत चुना की सिमेंट, आणि सीबीआर कसा पाहावा?

प्रश्न: गावरस्त्याखाली काळी माती आहे, भिजवलेल्या मातीची भार पेलण्याची क्षमता सांगणारा सीबीआर जेमतेम 2 टक्के येतो. चुना घालावा की सिमेंट?

उत्तर: अशा चिकट, फुगणाऱ्या मातीसाठी आधी चुन्याचाच विचार करावा. चुन्यातील कॅल्शियम चिकणमातीच्या कणांवरील सोडियमसारख्या आयनांची जागा घेते, त्यामुळे माती भुसभुशीत होऊन तिचे फुगणे घटते, आणि पुढे काही आठवडे मातीतील सिलिका व अॅल्युमिनाशी संयोग होऊन ती हळूहळू घट्ट होत जाते. सिमेंट वाळूमिश्रित, कमी चिकट मातीत चांगले काम करते. काळ्या मातीची ढेकळे फुटतच नसल्याने ते आतपर्यंत मिसळत नाही.

सीबीआर चाचणीत 50 मिमी व्यासाचा दट्ट्या 2.5 मिमी आत जाण्यासाठी लागलेला भार 1370 किलोच्या प्रमाण भाराशी ताडतात, म्हणजे 27.4 किलो लागले तर 2 टक्के, आणि चुना मिसळल्यावर 137 किलो लागले तर 10 टक्के. मात्र चुना मिसळलेला नमुना ओलावा टिकवून काही दिवस मुरू द्यावा आणि मगच 4 दिवस पाण्यात ठेवावा, अन्यथा आकडा फसवा कमी येतो. कोरड्या नमुन्याच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये, कारण पावसाळ्यात रस्ता भिजलेल्या मातीवरच उभा असतो.

चुन्याचे प्रमाण बहुधा कोरड्या मातीच्या वजनाच्या 3 ते 5 टक्के पडते, पण ते तुमच्याच मातीवर चाचणी करून ठरवावे. उघड्यावर पडून राहिलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे निकामी होतो, म्हणून ताजाच घ्यावा. जागेवर खड्डा खणून त्याच्या भिंतीवर फिनॉल्फथॅलिन शिंपडल्यास जिथे गुलाबी रंग येत नाही, तिथे चुना पोचलेला नाही असे समजावे.