ज्वारीच्या बिबड्या संपल्या, आता पुढच्या घाण्यासाठी नाव दिलेल्या यादीवाल्यांना काय लिहायचं?

भाऊ, ‘स्टॉक संपला, लवकरच कळवू’ एवढंच पाठवू नकोस. ‘लवकरच’ला तारीख नसते, मग रोज ‘कधी येणार?’ विचारणारे वाढतात.

आधी यादीला मर्यादा घाल. दुसरा घाणा 60 पाकिटांचा असेल तर नावं साधारण 80 घे, कारण काही जण ऐनवेळी गळतात. त्यापुढच्यांना सरळ नाही म्हण. चारशे नावं घेतलीस तर बहुतेकांच्या हाती काहीच लागणार नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर असं लिही:

‘ताई, पहिल्या 60 पाकिटांत तुमचा नंबर हुकला. ज्वारी भिजवून, आंबवून, चिक शिजवून बिबड्या कडक उन्हात वाळवतो, म्हणून घाणा लहानच. यादीत तुमचा 14वा नंबर. शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता लिंक आधी यादीला येईल, पाकीट 24 तास तुमच्या नावावर राहील. पैसे आत्ता नकोत.’

यातलं कारण खरंच हवं. उन्हाचं नाव सांगून पुढच्या आठवड्यात पाचशे पाकिटं काढलीस, तर जळगावात ते लपत नाही. 60च्या पुढच्या नंबरांना मात्र ‘कुणी सोडलं तरच मिळेल’ असं आधीच लिही. आभाळ आलं तर शुक्रवार उजाडायच्या आत नवी तारीख कळव.