बुगडीसाठी टोचलेला कान: भरतोय की पिकलाय?

«दहा दिवसांपूर्वी म्हापशात बुगडीसाठी कानाची वरची कड गनने टोचून घेतली. पाळी आणि नाकही त्याच दिवशी टोचलं. ते दोन्ही ठीक आहेत, पण वरचा कान लाल, गरम झालाय आणि रात्री ठणकतो. आई म्हणते, भरून येताना असंच होतं. खरं का?»

पहिल्या तीन-चार दिवसांत आईचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, दहाव्या दिवशी नाही. तुम्ही आजच कान-नाक-घसा डॉक्टरांना कान दाखवा. मी स्वतः फोंड्यात कान-नाक-घसा डॉक्टर आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

टोचल्यावर पहिले तीन-चार दिवस भोकाभोवती थोडी लाली, सूज आणि हात लागला की दुखणं, हे सगळं असतंच. पांढरट, पातळ लस येते आणि ती वाळून दांडीवर खपली धरते. लोक तिलाच पू समजून घाबरतात. त्रास रोज थोडा थोडा उतरत असेल तर जखम भरतेय. पण चार दिवस बरं वाटून पुन्हा दुखायला लागलं, लाली भोकापासून लांब पसरली, घट्ट पिवळा-हिरवा पू आला किंवा ताप चढला, तर ते पिकणं आहे. दहाव्या दिवशी झोपमोड करणारा ठणका भरण्याच्या हिशेबात बसत नाही.

आता आरशात बघा. वरचा कान लालभडक, फुगलेला आणि खालची पाळी मात्र मऊ, नेहमीच्या रंगाची असेल, तर आजार कूर्चेच्या, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या कडक पण लवचिक भागाच्या, आवरणात शिरलाय असं आम्ही धरतो. पाळीत कूर्चा नसते, म्हणून ती वाचते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर चिकटलेल्या पातळ आवरणातून जे झिरपतं, त्यावरच ती जगते. मधे पू साचला की आवरण उचललं जातं आणि खालची कूर्चा उपाशी मरते. मेलेली कूर्चा परत येत नाही, कान चुरगळतो. रक्तच पोचत नसल्यामुळे गोळीचं औषधही तिथे कमी पोचतं. पाळीत रक्त भरपूर असतं, म्हणून ती सहा-आठ आठवड्यांत भरते. कडेला सहा महिने ते वर्ष लागतं.

दुसरी अडचण जंतूची. कूर्चा पिकवणारा जंतू बहुतेक वेळा स्यूडोमोनास असतो. तो ओलाव्यात, पाण्यात राहतो. सन २०००मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एकाच दुकानात टोचून घेतलेल्यांमध्ये त्याची साथ आली होती, आणि खात्री झालेले सगळे रुग्ण वरचा कान टोचलेले होते. तिथे जंतुनाशकाच्या फवाऱ्याच्या बाटलीतच तो सापडला. मेडिकलमधून लोक नेहमी आणतात ती अमॉक्सिसिलिनची गोळी या जंतूवर चालत नाही.

डिचोलीकडची एक कॉलेजची मुलगी आठवते. पावसाळ्यात कड टोचून ती झऱ्यावर आंघोळीला गेली. ठणका लागल्यावर पाच दिवस अमॉक्सिसिलिन घेतलं, वरून हळद-खोबरेल लावलं. माझ्याकडे आली तेव्हा कान पुढे झुकला होता, कानामागची घडी सुजेने भरून गेली होती आणि कडेवर बोट दाबलं की आत पातळ काही हललेलं जाणवत होतं. चीर देऊन पू काढला, मेलेला तुकडा काढावा लागला, पू तपासायला पाठवला. स्यूडोमोनासच निघाला. सिप्रोफ्लॉक्सासिनने आजार गेला, पण कडेचा वरचा भाग आत वळलेला राहिला. पू साचायच्या आधी आली असती तर बहुधा योग्य गोळ्यांवर भागलं असतं.

तुम्ही दांडी स्वतः उपसून काढू नका. भोक मिटलं तर पू आत कोंडतो. काढायची की ठेवायची ते डॉक्टर बघून ठरवतील. मनाने गोळी सुरू करू नका, सिप्रोसुद्धा नाही, कारण तिचा डोस, वय आणि इतर औषधं बघावी लागतात. डेटॉल, पेरॉक्साइड, हळद, तेल यांतलं काही नको. कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालून त्याने दिवसातून दोनदा हलकेच धुवा. दांडी फिरवू नका, समुद्र आणि झरे टाळा.

नाक ठीक आहे म्हणता, तरी एक सांगते. काही आठवड्यांनी चमकीच्या भोकाशी लालसर, ओली गाठ येऊ शकते. ती बहुधा पिकलेली नसते, घासल्याने वाढलेलं मांस असतं. नुसती खाज आणि बारीक पुरळ असेल तर दागिन्यातल्या निकेलची ॲलर्जी बघावी लागते. पण नाकपुडी ठणकून लाली गालाकडे सरकली, तर तिथेही थांबायचं नाही.

पेडणे, म्हापसा भागात आज कुणी भेटलं नाही, तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जा. उद्यावर टाकू नका.