काकूंना पार्सल घ्यायला सांगायचंय, पण अवघडायला होतं

"मॅडम, आम्ही 11 दिवस कोकणात चाललोय, मधेच माझी चार पार्सलं येणारेत. शेजारच्या काकूंना घ्यायला सांगू का? नाही म्हणाल्या तर कसंतरी होईल, आणि मनात नसताना हो म्हणाल्या तर जास्तच वाईट."

इंदिरानगरची बाई, पस्तिशीतली (ओळख पटेल असे तपशील बदललेत). मी आधी एवढंच विचारलं, मागच्या वेळी काय झालं होतं? तेव्हा सगळं बाहेर आलं. मागच्या वेळी निघताना, बॅगा दारात, खाली रिक्षा उभी, आणि हिने काकूंची बेल वाजवून सांगितलं, "काकू, पार्सल आलं तर घ्याल ना, नाही म्हणू नका हं." काकू काय म्हणणार, हो म्हणाल्या. एक सांगितलं होतं, आली पाच. त्यातलं एक कॅश ऑन डिलिव्हरी, काकूंनी घरातले 840 रुपये काढून दिले. आणि एकाला ओटीपी लागत होता, तो गेला हिच्या मोबाइलवर, ही गाडीत कसाऱ्याच्या बोगद्यात, रेंज नाही. काकू दुखरे गुडघे घेऊन दारात उभ्या, डिलिव्हरीवाला कंटाळून निघून गेला. नंतर काकू बोलल्या काहीच नाहीत, पण "चहा घेऊन जा गं" म्हणणं तेव्हापासून बंद झालं.

मला विचाराल तर विचारण्यात चूक नव्हतीच, पण समोरच्याला नाही म्हणायला जागाच नव्हती आणि कशाला हो म्हणतोय तेही माहीत नव्हतं. म्हणून काकूंकडे जायच्या आधी आम्ही दोघींनी बसून ती चार पार्सलंच बघितली. एक अजून निघालं नव्हतं, त्याचा पत्ता बदलून सिडकोतल्या बहिणीचा टाकला (एकदा माल निघाला की बरेचदा पत्ता बदलता येत नाही, म्हणून हे आधी करायचं). ओटीपीवालं महागडं पार्सल रद्द केलं, आल्यावर परत मागवेल. उरली दोन, पैसे भरलेली, चपलांच्या खोक्याएवढी. विचारायचं ते एवढ्याचंच.

मग मेसेज. दारात जाऊन नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर मुळीच नाही, कारण तोंडावर किंवा चार लोकांसमोर आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. निघायच्या सहा दिवस आधी काकूंना एकटीला पाठवला:

"काकू, आम्ही 12 ते 22 बाहेर आहोत. माझी दोन छोटी पार्सलं यायचीत, साधारण 14 आणि 17 ला. पैसे भरलेत, ओटीपी लागत नाही. जमणार असेल तरच घ्याल का? नसेल जमत तर मी तारीख पुढे ढकलते, ते अजून माझ्या हातात आहे. उद्या रात्रीपर्यंत कळवलंत तरी चालेल."

तिच्या पहिल्या मसुद्यात शेवटी "तुमच्याशिवाय आम्हाला कोण आहे" होतं, ते मी काढायला लावलं. तेवढ्या एका वाक्याने वरचं "जमणार असेल तरच" फुकट जातं. आणि तारीख खरंच पुढे ढकलता येते का हे तिने आधी ॲपवर बघून घेतलं होतं, नुसतं म्हणायचं म्हणून लिहिलेलं समोरच्याला कळतं. जाताना मिठाईचा बॉक्स नेऊ का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं आत्ता नको, खाल्लेल्या पेढ्यानंतर नाही म्हणणं आणखी जड, द्यायचं ते आल्यावर द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचं उत्तर आलं, "17 चं घेते. 14 ला माझ्याकडे भिशी आहे, गडबडीत बेल ऐकू येणार नाही." ही हिरमुसली, मला फोन करून म्हणते, भिशी असली म्हणून बेल ऐकू येत नाही का? मी म्हटलं, अहो, नाही म्हणायला जागा तुम्हीच दिलीत ना, मग कारण कशाला तपासताय. तिने लिहिलं, "बरं झालं सांगितलंत काकू, 14 चं पुढे ढकलते," आणि खरंच ढकललं. उलट अशा स्पष्ट उत्तरानेच मला बरं वाटलं, 17 चा होकार मनापासूनचा आहे हे त्यातनंच कळतं. काकूंनी "बघू" किंवा "आहोत की नाही काय माहीत" लिहिलं असतं तर मी ते नाहीच धरायला सांगितलं असतं, परत विचारायचं नाही.

22 ला परत आल्यावर ती त्याच संध्याकाळी खोकं आणायला गेली, सोबत कोकमं नेली. चहा झाला. निघताना काकू म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मी लेकीकडे पुण्याला जातेय, माझा सिलेंडर घेशील का? नसेल जमत तर राहू दे, वरच्या मजल्यावर विचारते." हिला त्या आठवड्यात रोज ऑफिस होतं, म्हणाली, "नाही जमणार हो काकू." काकू म्हणाल्या बरं, आणि दुसरा कप भरला.